खातेदार मयत

छापखान्यातल्या दुपारच्या सुट्टीत लेकीने नेहमीप्रमाणे आईला नऊ हजार पाठवले. फोनवर लाल अक्षरं उमटली आणि तिचा घास हातातच राहिला.

‘व्यवहार अयशस्वी. कारण: खातेदार मयत.’

पाठोपाठ संदेश आला, खात्यातून नऊ हजार वजा.

पैशांचं तिच्या डोक्यातही आलं नाही. तिने आईला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. आई दुसऱ्या गावात एकटी राहायची. शेवटी तिने आईच्या शेजारच्या काकूंना फोन केला.

"काकू, आई... आई बरी आहे ना?"

"अगं, ती गच्चीवर गाद्या उन्हात घालतेय. देऊ का?"

आई फोनवर आली ती वैतागूनच. "काय गं, कुठे आग लागली?"

लेक रडायलाच लागली, रडतरडतच तिने लाल अक्षरांतला मजकूर सांगितला. आई म्हणाली, "मी मेले, आणि मलाच पत्ता नाही?"

दोघींची खाती एकाच बँकेत होती. डोळे पुसून लेकीने तिथेच बँकेला ईमेल लिहिला:

‘आज दुपारी १.१२ वाजता आईच्या खात्यात नऊ हजार रुपये पाठवले. संदर्भ क्रमांक ४१७८०३९२६५५१. रक्कम वजा झाली, पण व्यवहार अयशस्वी दाखवतो. त्रुटीचा मजकूर जसाच्या तसा: "खातेदार मयत". स्क्रीनचा फोटो जोडला आहे. पैसे परत करावेत. आणि माझी आई जिवंत आहे. ही नोंद कोणी, कशाच्या आधारावर केली, हे लेखी कळवावं.’

लगेच तक्रार क्रमांक आला. दुसऱ्या दिवशी पैसे परत जमा झाले, आणि आईच्या शाखेतून मॅनेजरचा फोन आला. आईने ओळखपत्र आणि पासबुक घेऊन यायचं होतं.

लेक रजा काढून आईबरोबर गेली. मॅनेजरने फाइल उघडली आणि त्याचाच चेहरा उतरला. एका मुलाने आपल्या आईच्या मृत्यूचा दाखला दिला होता. नाव तेच, आडनाव तेच. कारकुनाने खाते क्रमांक ताडून न पाहताच नोंद केली होती, तीही भलत्याच खात्यावर.

"चूक आमची आहे, आजी. नोंद आत्ताच काढतो. लेखी उत्तरही देतो."

लेकीच्या ओठांवर चार कडक शब्द आले होते. पण आई पुढे वाकून विचारत होती, "म्हणजे त्या गेल्या? ठिपक्यांची शाल घ्यायच्या, त्या?"

कोपऱ्यातल्या कारकुनाने होकारार्थी मान हलवली.

आई खुर्चीत मागे टेकली. "पेन्शनच्या रांगेत नाव पुकारलं की आम्ही दोघी उठायचो," ती म्हणाली. "मग हसायचो. घर कुठे त्यांचं, कधी विचारलंच नाही मी."

लेकीने तिचा हात धरला.