सात दिवसांत दारात

शकुंतलाबाई चौगुले दुकानाची पायरी चढल्या तेव्हाच धनाजी मगदूमला कळलं, आज काही खरं नाही. एरवी त्या दारातूनच "काय रे बाबा, बरं हाय न्हवं?" म्हणायच्या. आज थेट गल्ल्यापाशी आल्या आणि मोबाइल काउंटरवर आपटला.

"हे कुणी लिवलंय?"

धनाजीनं वाकून बघितलं. त्याच्याच दुकानाची जाहिरात होती, चकलीच्या ताटाखाली लिहिलेली. 'कोल्हापूरची चव, सात दिवसांत परदेशातल्या तुमच्या लेकीच्या दारात. कस्टम्सची काळजी आमची. किमान ऑर्डर फक्त तीन किलो.'

"मीच की मावशी. का?"

"का म्हणून इचारतोयस? माझी प्रणोती तिकडं मेलबर्नला बाळंत झालीया. व्हिसा मिळंना म्हणून मी हितं बसलेय. जावई दोन्ही वेळंला पाव भाजून देतोय तिला. निदान मेतकूट-भाताचा घास तरी पोटात जावा म्हणून पाठवलं, तर तुझी पेटी कस्टममध्ये पडलीया!"

धनाजीनं खुर्ची पुढं सरकवली. त्या बसल्या नाहीत. बसलं की राग निम्मा होतो, हे त्यांना ठाऊक होतं.

"मावशी, सात दिवस म्हंजे मुंबईतनं इमान सुटल्यापासनं. आणि कामाचे दिवस. आपला माल हितनं मंगळवारीच जातोय."

"मग तसं लिव की! का ती अक्षरं तुझ्या बापानं गहाण टाकल्यात?"

चिवडा घ्यायला आलेला एकजण हसला. शकुंतलाबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं सुटे पैसे न मोजताच खिशात टाकले.

"आणि अडकली कशानं, ते तर बोल," त्या म्हणाल्या.

धनाजीनं गल्ल्याचा खण उगाच उघडून मिटला. मुंबईच्या एजंटाचा निरोप सकाळीच आला होता. पेटीतले पेढे पकडले होते. दुधाची मिठाई तिकडं चालत नाही. त्यात कागदावर नुसतं 'फराळ' लिहिलेलं, पेढ्यांचं नाव नाही. पेढे नष्ट करणार आणि बाकीची पेटी तपासणीच्या रांगेत, कधी सुटेल ते कोण सांगणार!

त्यानं हे सांगितलं मात्र, शकुंतलाबाईंचा आवाज खाली आला. तो खाली आला की घरातले सगळे घाबरत.

"पेढे मी मागितलं हुतं?"

"न्हाई."

"मेतकूट, कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी. एवढंच हुतं माझं. तूच म्हनलास, 'तीन किलो भरत न्हाई मावशी, वर पेढं टाकूया, बाळाच्या नावानं वाटतील.' म्हनलास का न्हाई?"

"म्हनलो."

"म्हंजे तुझं वजन भराय माझ्या लेकीच्या तोंडचा घास काढलास!"

धनाजीला ते लागलं. खोटं असतं तर लागलं नसतं. तो रागानंच म्हणाला, "मावशी, लहान पेटीला भाडं परवडत न्हाई. आणि सगळं खरं लिवलं तर ऑर्डर कोन देईल?"

"जिची लेक तिकडं हाय, ती देईल. खोट्याला भुलून आलेली एकदाच येती, आणि मग अशी बोंबलत येती. घे तुझा फोन. लिव."

त्यानं घेतला. शकुंतलाबाई सांगत गेल्या आणि तो लिहीत गेला. मुंबईहून निघाल्यावर सात ते दहा कामाचे दिवस, तपासणीत अडकली तर जास्त. प्रत्येक जिन्नस नावानिशी कागदावर लिहिणार. ऑस्ट्रेलियाला पेढे, बर्फी पाठवत नाही. तिकडचं शुल्क लागलं तर घेणाऱ्यानं भरायचं. तीन किलोपेक्षा कमी असेल तरी पाठवू, भाडं मात्र तीन किलोचं.

"'काळजी आमची' हे ठेवू?" त्यानं विचारलं.

"काळजी माझी हाय. ते पूस."

त्यानं पुसलं. मग आतून मेतकुटाची दोन पाकिटं आणली, नवी पेटी उघडली. "भाडं माझं, मावशी. आजच मंगळवार हाय, गाडी अजून लागायची हाय."

शकुंतलाबाई अखेर खुर्चीत टेकल्या. एवढ्या मोठ्या पेटीच्या तळाशी दोन पाकिटं अगदीच केविलवाणी दिसत होती. दुकानदाराला रिकामी पेटी बघवत नाही. धनाजीचा हात सवयीनं बर्फीच्या बरणीकडे गेला.

शकुंतलाबाईंनी बसल्या जागेवरून त्याचं मनगट धरलं.

"कागद कोंब," त्या म्हणाल्या. "नुसता कागद कोंब, पर माझ्या पोरीपत्तोर पोचू दे."