जाहीर नोसीट

हिंगोलीच्या मुन्सफ कचेरीत मुन्शी जलालुद्दीन नक्कलनवीस होता. नक्कलनवीस म्हणजे कोर्टातल्या कागदाची नक्कल करून तिच्याखाली ‘अस्सल बरहुकूम’, म्हणजे मुळाप्रमाणेच, असं लिहून सही ठोकणारा माणूस. बावीस वर्षं त्यानं हेच केलं. उर्दू असो, मोडी असो, बाळबोध असो, त्याची नक्कल म्हणजे माशीला माशी. कारकून लोक त्याची थट्टा करायचे, की अस्सलावर शाईचा डाग पडलेला असला तर हा बाबा तोही काढतो. जलालुद्दीन हसायचा, पण मनातून त्याला त्या थट्टेचा अभिमान होता, आणि अभिमान हा कुणाला कधी गोत्यात आणील ते सांगता येत नाही.

निजामाच्या राज्यात तेराशे एकोणपन्नास फसली साल चाललं होतं. एका सकाळी त्याच्यापुढे कागद नव्हे तर फोटो आला.

फोटो साखरा गावच्या चावडीचा होता. पाटलाच्या घरी कार्य होतं म्हणून मकबूल फोटोग्राफर हिंगोलीहून आपला तिपाई कॅमेरा घेऊन गेला होता, आणि त्यानं चावडीच्या पायऱ्यांवर पंधरा-वीस पागोटी बसवून काचेवर एक फोटो घेतला होता. पागोट्यांच्या मागे, चावडीच्या दारावर, तहसिलीची एक छापील नोटीस चिकटवलेली होती. फोटो काढताना तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता मात्र चावडीच्या दारावर काय वाचता येत होतं यावरच सगळा दावा येऊन अडला होता, आणि अस्सल नोटीस तर कधीच फाटून गेली होती. मकबूलनं काचेवरून तेवढाच तुकडा मोठा करून दिला होता. कोर्टानं जलालुद्दीनला हुकूम केला, की फोटोत दिसते तशी नोटिशीची नक्कल करून मिसलीला, म्हणजे दाव्याच्या कागदांना, लाव.

दावा द्वारकाबाईचा होता. तिचा नवरा गेला, पोटी लेकरू नाही. जमीन आणि घर तिच्या नावावर लागायचं, तर दीर हरिचंदनं आपलं नाव पुढे केलं. तहसिलीनं नोटीस काढली, की ज्या कुणाचा हक्क असेल त्यानं फसली बहमन महिन्याच्या अमुक तारखेपर्यंत चावडीत हजर व्हावं, मागून कुणाचं काही ऐकलं जाणार नाही. द्वारकाबाई तेव्हा नरसीला माहेरी होती. तिचा भाऊ संतराम साखऱ्याला जाऊन नोटीस वाचून आला आणि म्हणाला, एकोणतीस तारीख. ती सत्तावीसला चावडीत गेली. तिथं तिला सांगितलं, बाई, मुदत एकवीसलाच संपली. बोलायच्या आतच तिचं तोंड बंद झालं. आता घरात राहायचं की घराबाहेर, हे त्या एका आकड्यावर ठरणार होतं.

जलालुद्दीननं फोटो उजेडाला धरला आणि मथळा वाचून त्याला हसू आलं. छापखान्यातल्या कुणा शहाण्यानं खिळे उलटसुलट लावले होते. ‘जाहीर नोटीस’ याच्याऐवजी मोठ्या ठसठशीत अक्षरात ‘जाहीर नोसीट’ छापलं होतं.

आता आपल्या वळणदार हातानं असलं गबाळं कसं लिहायचं? मिसलीत कुणी पाहील तर म्हणेल, मुन्शीला मराठी येत नाही. शेंबड्या पोरालाही कळावी अशी ती चूक होती. त्यानं सरळ ‘जाहीर नोटीस’ लिहिलं, आणि लेखणी पुढे धावली ती थेट तारखेपाशी जाऊन थांबली.

दोनाचा आकडा स्वच्छ होता. त्याच्यापुढचा आकडा शाईत फासला होता. एक म्हणावा तर डोकं फार मोठं, नऊ म्हणावा तर पोट भरलेलं. त्यानं भिंग लावलं. मकबूलला बोलावून विचारलं, "कॅमेरा हलला का रे?"

मकबूल म्हणाला, "हलला असता तर समदंच हललं असतं, चाचा. आजूबाजूची अक्षरं बघा, सुईसारखी हायेत. डाग कागदावरच हाये."

ते बराबर होतं. जलालुद्दीननं नकलेत दोनाचा आकडा काढला, पुढची जागा मोकळी ठेवली, समासात ‘पुढील आकडा शाईत फासलेला, १ की ९ लागत नाही’ असं लिहिलं, आणि ओसरीवर बसलेल्या भावाबहिणीला नक्कल पाहायला बोलावलं. तसा रिवाजच होता. ज्याचा कागद, त्यानं सहीआधी ताडून पाहावा.

संतरामनं वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. "मुन्शीजी, म्या माझ्या डोळ्यानं एकोणतीस वाचलं व्हतं."

"तुमी वाचलं असंल. मला वाचता येऊन न्हाई राहिलं."

"काय लिवलंय रे?" द्वारकाबाईनं भावाला विचारलं. तिला अक्षर येत नव्हतं. संतरामनं सगळं वाचून दाखवलं, आणि वाचता वाचता फोटोकडे बघून तो थबकला. "अक्का, ह्यात वर चुकीचं छापलंय. नोसीट. मुन्शीजींनी नोटीस केलंय."

द्वारकाबाईनं फोटोवर बोट ठेवलं. मग ती शांतपणे म्हणाली, "म्हंजी तुमी चूक दुरुस्त करता तर."

"ती चूक समद्यांना दिसती, बाई."

"माझ्या भावाला एकोणतीस दिसलं, त्ये तुमाला सांगून राहिला. एक दुरुस्त करता, तर दुसरं काहून न्हाई? नऊ लिवा, मुन्शीजी. एका आकड्यानं माझं घर ऱ्हातंय. तुमच्या लेखणीला काय तकलीफ व्हनार हाये?"

जलालुद्दीननं लेखणी खाली ठेवली. बावीस वर्षांत त्याला हा सवाल कुणी केला नव्हता, आणि जिनं केला तिला अक्षरओळखही नव्हती. तिची दया त्याला खरोखर आली. नऊ लिहावा असं त्याच्या मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोला. पण खाली ‘अस्सल बरहुकूम’ लिहायचं होतं. मथळ्यात त्यानं जे पाहिलं ते न लिहिता जे असायला हवं होतं ते लिहिलं होतं. मग तारखेला कुठल्या तोंडानं नाही म्हणायचं?

त्यानं तो कागद उभा फाडला. नवा घेतला. वर मोठ्या अक्षरात ‘जाहीर नोसीट’ लिहिलं, बाजूला समासात ‘अस्सलात असेच’ अशी नोंद केली. तारखेची जागा पुन्हा तशीच मोकळी ठेवून तीच नोंद पुन्हा लिहिली. द्वारकाबाई उठून गेली. जाताना तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि ते त्याला फार लागलं.

आठ दिवसांनी दावा निघाला. हरिचंदच्या वकिलांनी जलालुद्दीनला साक्षीला उभं केलं. मुन्सफसाहेबांसमोर फोटो आणि नक्कल शेजारी शेजारी ठेवलेली होती.

"मुन्शी, तुम्हाला मराठी येतं?"

"येतं, जी."

"मथळ्यात काय लिहिलंत?"

"नोसीट."

"असा शब्द मराठीत आहे?"

"न्हाई."

कचेरीत हशा झाला. वकील खुशीत येऊन पुढे सरसावले. "मग लिहिलात का?"

"फोटोत हाये म्हणून."

"ती नोटीस आहे हे तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं. समासात ‘अस्सलात असेच’ लिवलंय."

"जसं नोटीस कळलं, तसं एकवीसही कळायला हवं होतं!"

"न्हाई, जी. नोसीट दिसली आन् नोटीस कळली. आकडा मला दिसला न्हाई आन् कळलाबी न्हाई."

वकिलांनी तहसील दफ्तरातली त्याच नोटिशीची प्रत पुढे केली. तिच्यावर एकवीस लख्ख छापलेलं होतं. संतरामनं मान खाली घातली. जलालुद्दीन त्या लख्ख आकड्याकडे पाहत राहिला. त्या दिवशी त्यानं नऊ लिहिला असता तर आत्ता, या घटकेला, त्याची नक्कल खोटी ठरली असती आणि बाई लबाड.

"आता तरी म्हणा, एकवीस."

"ह्या कागदावर एकवीस हाये. साखऱ्याच्या दारावर काय दिसत व्हतं त्ये फोटोत हाये, आन् तिथं एकवीस लागत न्हाई."

मुन्सफसाहेबांनी भिंग मागवलं. बराच वेळ ते फोटोवर वाकून होते. मग मान वर करून त्यांनी विचारलं, "मुन्शी, तुमच्या वाचण्यावर मला विसंबायचं आहे. या कागदाची नक्कल करताना तुम्ही कुठंही, अगदी उघड चूक म्हणूनसुद्धा, काही दुरुस्त केलंत?"

‘या नकलेत नाही’ एवढं म्हणून सुटता आलं असतं. ते खोटंही झालं नसतं. पण खरं सांगावं तर द्वारकाबाईचं बोलणं उघडं पडणार, हे त्याला दिसत होतं.

"केलं व्हतं, हुजूर. पहिल्या नकलेत नोटीस लिवलं. ती म्या फाडली."

"का?"

"एकानं इचारलं, एक दुरुस्त करता तर दुसरं काहून न्हाई. माझ्यापाशी जबाब नव्हता."

"कोणी विचारलं? आणि दुसरं म्हणजे काय?"

जलालुद्दीननं मुद्दाम मागे वळून पाहिलं नाही. हरिचंदचे वकील कान टवकारून होते. तेवढ्यात मागच्या भिंतीपासून बाईचा आवाज आला.

"म्या इचारलं, हुजूर." द्वारकाबाई पदर सावरून पुढे आली. "नऊ लिवा म्हणलं व्हतं. मुन्शीजींनी न्हाई लिवलं. भावानं एकोणतीस सांगितलं, म्या एकोणतीस धरून चालले. खोटं लिवून घ्यायचं न्हवतं मला. मला तेच खरं वाटत व्हतं."

वकील उसळले, पण मुन्सफसाहेबांनी हात वर केला. त्यांनी उर्दूत हुकूम सांगितला, आणि पेशकार कारकुनानं तो मराठीत वाचून दाखवला. जी तारीख भिंगातून कोर्टालाही वाचता येत नाही, ती चुकवली म्हणून बाईचं तोंड बंद करता येत नाही. द्वारकाबाईनं चावडीत पुन्हा हजर होऊन आपला हक्क सांगावा, आणि तहसिलीनं तो ऐकावा. त्याच हुकुमात दुसरं कलम होतं. नक्कल फाडून दफ्तरात नोंद न केल्याबद्दल मुन्शी जलालुद्दीन यांनी सहा महिने नकलेवर सही करू नये.

बाहेर ओसरीवर जलालुद्दीन आपली दौत पुसत बसला. द्वारकाबाई त्याच्यापुढे येऊन खाली बसली.

"माझ्यापायी तुमची सही गेली."

"तुमच्यापायी न्हाई, बाई. ती नोटीस म्या माझ्या हातानं सुधारली व्हती."

"त्या दिशी तुमी नऊ लिवून दिला असता, तर म्या घरी जाऊन तुमच्या नावानं दिवा लावला असता," ती म्हणाली. "आन् आज त्याच दिव्यासंगट घराबाहेर पडले असते."

जलालुद्दीननं दौत खाली ठेवली. बावीस वर्षांत कुणासाठी न दिसलेला आकडा लिहावा असं त्याला पहिल्यांदाच वाटलं होतं, आणि तेच करायचं नव्हतं. द्वारकाबाई उठली आणि भावाला म्हणाली, "चल संतराम. सांजेच्या आत साखऱ्याला पोचू. आता मला बोलायचं हाये."