गाडीएवढी जागा

अग्निशमन केंद्राच्या फाटकाबाहेर फुटपाथच्या कडेला सलग पिवळा पट्टा मारायचा होता, आणि नेमकी तिथेच एक गाडी उभी होती. मालकाचा पत्ता नव्हता.

"तेवढी सोड आणि चल पुढे," साहेब रंगाऱ्याला म्हणाला. पुढच्या दुभाजकावर गाड्या आदळत होत्या. त्याच्या टोकाला धोक्याचे काळे-पिवळे पट्टे हवे होते. रंगाऱ्याने ऐकलं आणि तिथेच फसला.

पिवळ्या कडेला गाडी लावायची नाही, हे सगळ्यांना पाठ होतं. मग पिवळं नाही तिथे लावायची, असं लोकांनी परस्पर ठरवलं. त्या गाडीएवढ्या कोऱ्या तुकड्यावर रोज कोणी ना कोणी ठाण मांडलेलं. बाहेर पडताना बंब वळायला अडायचा, चालक शिव्या घालायचा, आणि त्या शिव्या रंगाऱ्याच्या जिव्हारी लागायच्या. कामावर जाता-येता तो डबा-ब्रश घेऊन चक्कर मारायचा. जागा रिकामी म्हणून नाहीच.

"एवढ्याशा रंगापायी जीव टांगणीला लावलाय तुम्ही," बायको वैतागली.

एका सकाळी जागा मोकळी दिसली. त्याने धावत जाऊन गुडघे टेकले, ब्रश बुडवला. मागे हॉर्न वाजला आणि वाजतच राहिला.

साहेबाने काच खाली केली. "बाजूला हो."

"साहेब, तेवढा पट्टा पुरा करतो."

"उद्या कर. बाकी सगळं पिवळं करून ठेवलंयस, मी गाडी लावू कुठे?"