निबंधातील चौथे उदाहरण

विश्वासाने कानात सांगितलेले बोल ही दुसऱ्याची ठेव होय. ती ज्ञानाच्या नावाने खर्चली, तरी खर्चणारा अपहाराच्या दोषातून सुटत नाही.

धाकटी सून जागतिक विपणनाच्या अभ्यासक्रमासाठी निबंध लिहीत होती. भांडी धुण्याचे परदेशी यंत्र येथे का खपले नाही, हा तिचा विषय. मूळ जाहिरातीत एक तरुणी एकटीच पाय पसरून वाचत बसली होती. खाली शब्द होते, ‘तुझा वेळ, फक्त तुझा’. जिथे ती जाहिरात घडली, तेथे व्यक्तीचे स्वातंत्र्य हीच प्रतिष्ठा. येथे मात्र अशी खरेदी सारे घर मिळून ठरवते आणि त्यात वडीलधाऱ्यांचा शब्द जड असतो. यंत्र उत्तम असूनही ते आळशी सुनेची खूण ठरले. याच्या पुराव्यासाठी सुनेने बारा घरे पालथी घातली; पण नेमके बोल मिळाले ते तिच्याच स्वयंपाकघरात.

ताटे विसळता विसळता सासूबाई म्हणाल्या होत्या, “माझ्या सासूनं मला कधी बसू दिलं नाही गं. तुला बस म्हणावंसं वाटतं, पण जीभच रेटत नाही. कुणाला सांगू नकोस हो, हसतील मला.”

“नाही सांगणार, आई.”

तिने नाव गाळले, वय दिले आणि ते बोल जसेच्या तसे चौथे उदाहरण म्हणून उतरवले. हा कच्चा मसुदा वाचणार होते ते फक्त मार्गदर्शक सर. सर ते यंत्र विकणाऱ्या कंपनीचेच सल्लागार आहेत, हे तिला ठाऊक नव्हते.

काही महिन्यांनी टीव्हीवर त्या यंत्राची नवी जाहिरात आली. पिकल्या केसांची बाई सुनेचा हात धरून म्हणत होती, “माझ्या सासूनं मला कधी बसू दिलं नाही गं.”

पाहायला आलेली शेजारीण खिदळली. “एवढी गोड सासू टीव्हीतच भेटते हो, काकू!”

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी सुनेकडे एकदा पाहिले आणि त्या उठून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सून सरांसमोर उभी राहिली. “सर, ते शब्द माझ्या सासूबाईंचे होते.”

“नाव कुठंय त्यात? अगं, खप दुप्पट झालाय. तुझं म्हणणं खरं ठरलं, खूश हो.”

“माझं म्हणणं समाजाच्या सरासरीबद्दल होतं, सर. त्या एक माणूस आहेत.”

“मग त्यांचं वाक्य लिहिलंस कशाला?”

दगा सरांनी दिला होता, हे खरे. पण कुलूप तिनेच उघडून ठेवले होते.

घरी येऊन तिने सारे कबूल केले. “आई, निबंधातून काढून टाकते मी ते. गुण गेले तरी चालतील.”

“काढ, नाहीतर ठेव. मी तुला सांगितलं होतं, तुझ्या वर्गाला नव्हे.”

त्यानंतर सासूबाई तिच्याशी कामापुरतेच बोलू लागल्या. निबंध चौथ्या उदाहरणावाचून सादर झाला आणि जेमतेम उत्तीर्ण ठरला. त्याविषयी घरात कुणी विचारले नाही.

त्या माउलीला आपले मन पुन्हा निर्भयपणे उघडता येवो. सुनेला तोवर वाट पाहण्याचे बळ लाभो. आणि सरांचेही, त्यांना आपली चूक उमगून, कल्याण होवो.