भिंतीमागची खिडकी

घर बदलायचं म्हटलं की सगळं सामान एका बाजूला आणि भिंतीवरचा टीव्ही एका बाजूला. खोकी बांधून झाली, पलंग सुटे झाले, सासूबाईंची खुर्ची तेवढी टीव्हीखाली तशीच होती आणि त्या तिच्यात बसून होत्या. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून त्या थेट टीव्हीला कान लावून, म्हणजे अगदी त्याच्या खालीच बसत. "खुर्चीचं शेवटी बघू," असं सगळ्यांनी ठरवलं होतं.

तिच्या नवऱ्याने मात्र धाकट्या मेहुण्याची वाट न बघता टीव्हीला हात घातला. पडद्याच्या कडेने बोट फिरवलं, खालून डोकावून पाहिलं, वरून चाचपलं. स्क्रू कुठेच दिसेना.

"बोल्ट असणार तरी कुठे?"

"मागे," ती म्हणाली. "टीव्हीच्या पॅनेलच्या मागे. ते निघाल्याशिवाय दिसायचे नाहीत."

"मग पॅनेल कसं निघणार?"

तिलाही ते माहीत नव्हतं. नवऱ्याने खालची कड धरून जरा ओढली. कुरकुर झाली आणि वरून पांढरी भुकटी खुर्चीच्या हातावर पडली. चिमूटभरच, पण ती पाहून ती पुढे झाली.

"हात काढा आधी," ती म्हणाली. "आई, तुम्ही जरा आत चला."

"काय?" सासूबाई म्हणाल्या.

"आत चला!"

सासूबाई कुरकुरत उठल्या. तेवढ्यात तिचा भाऊ आला. त्याला सगळे नातेवाईक 'पाना' म्हणत. सभागृहांत मंचावरचे दिवे टांगायचं काम तो करायचा, आणि खिशात पाना नसला की त्याला उघडंवाघडं वाटायचं. त्याने भुकटी बोटावर घेतली, चोळली आणि वर भिंतीकडे पाहिलं.

"भावजी, आधी वीज बंद. कुठली वायर कुठे आहे त्याचा फोटो काढा, मग वायर काढा. ताई, खुर्ची हटव, ते जेवणाचं टेबल इकडे आण. त्यावर गादी टाक."

"गादी कशाला? आपण दोघं धरतोय ना," नवरा म्हणाला.

"धरणारच आहोत. पण हात सटकला तर खाली मऊ काही असावं. एवढ्या मोठ्या पॅनेलला पायावर घ्यायची हौस कोणाला आहे?"

त्याने कडेने टॉर्च मारला आणि बोट दाखवलं. पॅनेलच्या पाठीला दोन उभ्या लोखंडी पट्ट्या होत्या. त्यांचे हूक भिंतीवरच्या आडव्या पट्टीवर अडकवलेले, आणि खाली प्रत्येक पट्टीला एक कुलूप. दोऱ्या वर खोचून ठेवल्या होत्या, म्हणून दिसत नव्हत्या.

"दोरी ओढली की कुलूप सुटतं. मग खालची कड थोडी पुढे, मग सगळं सरळ वर, मग बाहेर. काचेवर तळवा टेकवायचा नाही, कडेला धरायचं. माझा आवाज ऐका, मी म्हणेन तेव्हाच."

एक टक. दुसरी टक. नवरा डावीकडे, पाना उजवीकडे. "वर," पाना म्हणाला.

पॅनेल दोन बोटं वर गेलं आणि पानाच्या बाजूने भिंतीवरची पट्टीही त्याच्याबरोबर वर आली.

"थांबा," तो म्हणाला. आवाज न चढवता. "कोणी हलू नका. पट्टी जागेवर राहायला हवी होती."

तिने पाहिलं. पट्टीच्या उजव्या टोकाला भिंत आणि लोखंड यांच्यात फट पडली होती. नवऱ्याच्या कपाळावर घाम आला, पण हात हलले नाहीत.

"ताई, बोटं आत घालू नकोस. तो फरशी पुसायचा बांबूचा दांडा घे, कडेने पट्टीवर टेकव, खाली दाब. नुसतं दाबून धर."

तिने दांडा टेकवला. दोन्ही हातांनी दाबून धरला. "आता भावजी, फक्त आपल्याकडचं वजन वर. एक, दोन, चला."

हूक निसटले. दोघांनी पॅनेल सावकाश बाहेर घेतलं, गादीवर क्षणभर टेकवलं, मग उचलून समोरच्या भिंतीशी उशांमध्ये उभं ठेवलं. आडवं नाही, पडद्यावरही नाही. मग तिघं वळून बघू लागले.

भिंतीवरची पट्टी डावीकडच्या वरच्या एका बोल्टवर तिरकी लोंबत होती.

पाना जवळ गेला. उजवा वरचा बोल्ट त्याने चिमटीत धरला आणि ओढला. तो पेन्सिल खिशातून काढावी तसा निघाला. खालचा तसाच. डावीकडचा खालचाही तसाच. भोकांमधून आत काळोख दिसत होता. त्याने बोटाच्या पेरांनी भिंत वाजवली. टक टक नाही, ढब ढब.

"इथे खिडकी होती," तो म्हणाला. "वर पातळ फळी मारून गिलावा केलाय. तीन बोल्ट त्या फळीत, एकच विटेत. ड्रिल घुसताना हाताला कळतं, वीट आहे की पोकळ. ज्याने बसवलं त्याला कळलं होतं. त्याने वर पॅनेल चढवलं आणि विषय मिटवला."

नवरा खुर्चीच्या हातावर बसला. "रोज," तो म्हणाला. सासूबाई रोज संध्याकाळी कुठे बसत होत्या, हे दोघांनाही माहीत होतं.

"ताई, हे शेवटचं काढतोय, पट्टी दोन्ही हातांनी धर," पाना म्हणाला. "शेवटचा बोल्ट सुटला की ती पायावरच येते."

तो बोल्ट मात्र निघता निघेना. पाना दोनदा पान्यावर लोंबकळला, तेव्हा कुठे तो फिरला. तिने पट्टी खाली उतरवली. पट्टी तशी हलकी होती, तिच्या हातांना मात्र ती जड भासली.

आणि मग तिला आठवलं. टीव्ही बसवणारा त्या दिवशी चहा पिताना म्हणाला होता, "खालच्या मजल्यावरही आत्ताच एक बसवून आलो."

खालच्या घराची आखणी अगदी हीच होती. खिडकीच्या जागी भिंत. तिथे दोन मुलं होती.

ती पायऱ्या कशी उतरली ते तिला आठवत नाही. दार शेजारणीने उघडलं. आत टीव्ही चालू होता आणि दोन्ही मुलं त्याच्या खाली चटईवर पालथी पडून चित्रं रंगवत होती.

"मुलांना उठव," ती म्हणाली. "आधी उठव, मग सांगते."

"अगं, झालं काय?"

"उठव ना!"

शेजारणीने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुलांना दंडाला धरून मागे ओढलं. मागोमाग पाना आणि नवरा टेबल-गादी घेऊन आले. शेजारणीला भिंत वाजवून दाखवली. ढब ढब. तिने तोंडावर हात ठेवला.

या वेळी पानाने वीज बंद करून आधी टेबल थेट पॅनेलखाली सरकवलं, गादीवर गादी चढवली, इतकी की खालची कड जवळजवळ टेकली. "उचलू तेव्हा पट्टी सोबत येईल असंच समजा," तो म्हणाला. "भार गादीवर राहू द्या, आपण फक्त तोल धरायचा."

दोऱ्या ओढल्या. हूक सुटायच्या आधीच वरून गिलावा कोसळला, आणि पॅनेल, पट्टी, चारही बोल्ट असं सगळं एकदम गादीवर बसलं. दोन्ही बाजूंनी चार हात लागले होते, म्हणून ते उलटलं नाही.

भिंतीत चार भोकं उरली आणि मधोमध फळीचा तुटका तुकडा.

शेजारीण खाली बसली आणि दोन्ही मुलांना इतकं घट्ट धरलं की धाकट्याने तक्रार केली, "आई, माझा खडू मोडला."