बिनचाऱ्याच्या दहा म्हशी

सम्राटचं वागणं धोंडुबाईला तीन दिवस खटकत होतं. एरवी हा नातू चहाची बशी घेऊन तिच्याजवळ तासभर बडबडायचा. आता नुसती सही मागायचा, तीही भिंतीकडं बघत. आणि सही कशावर? तिच्या नावावरचं दोन एकर रान बँकेला तारण द्यायचं, त्या कर्जावर म्हशींचा गोठा घालायचा. सोमवारी त्यानं तयार केलेला गोठ्याचा अहवाल बँकेत न्यायचा होता.

धोंडुबाई दुसरी यत्ता शिकलेली. पण साठ वर्षं म्हशींच्या शेणाशी खेळलेली. तिनं नात तेजस्वीला हाक मारली.

"वाच गं ह्यो अहवाल. आधी काय काय करनार त्याची गोष्ट लिहिलीय ती."

तेजस्वीनं वाचलं. वीस म्हशी दोन टप्प्यांत. दहा आत्ता, दहा सहा महिन्यांनी, म्हणजे पहिल्या आटतील तेव्हा दुसऱ्या दूध देतील.

"शाणं हाय कार्टं. फुडं?"

पुढं गृहीत धरलेले आकडे. म्हशीला दिवसाला दहा लिटर, वेतात दोनशे ऐंशी दिवस दूध, मग भाकड. मग चाऱ्याचा तक्ता: पहिले सहा महिने दहाच म्हशींची वैरण-पेंड.

"आता दुधाचा."

"पहिल्या वर्षी त्र्याहत्तर हजार लिटर."

धोंडुबाईनं तांदळातले खडे वेचायचे थांबवले. "रोजचं किती झालं?"

"दोनशे. तीनशे पासष्ट दिवस."

"म्हंजे वीस म्हशी पाडव्यापासनंच पिळतोय! आन् भाकड एकबी न्हाय. बोलीव त्याला."

सम्राट आला. "आज्जी, आधी वीस एकदम घेणार होतो. बँकेनं टप्पे पाडायला सांगितलं. तक्ता जुना राहिला."

"चाऱ्याचा बरा नवा झाला? दुधाचाच तेवढा जुना?"

तेजस्वीनं मोबाईलवर हिशेब मांडला. पहिल्या दहांचं अठ्ठावीस हजार. दुसऱ्या दहांचं सहा महिन्यांचं अठरा हजार. एकूण सेहेचाळीस.

"सत्तावीस हजार लिटर कुठनं आणलंस रं? पंचगंगेतनं?"

"खरा आकडा घातला की पहिल्या वर्षी हप्ता बसत नाही, आज्जी," तो खाली बघत पुटपुटला. "कर्ज मिळालं नसतं."

"आन् मिळालं असतं, मग हप्ता भरला न्हाय की माझं रान गेलं असतं. त्ये कागदावर लिवलं न्हाईस."

धोंडुबाईनं अहवाल उचलला, सम्राटच्या छातीवर टेकवला आणि दारात जमलेल्या शेजारच्या बायकांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली,

"तू चोर न्हाईस सम्राटा, भित्रा हाईस, आन् भित्र्याच्या हातात मी रान देत न्हाय. दूध खरं लिव. बँकेकडं हप्त्याला मुदत माग, न्हाय दिली तर पाचच म्हशी घे. गोष्ट, आकडं, तक्ता सगळं एकच बोलाय लागलं की कागद घेऊन ये. तवर माझी सही मागू नकोस."