मायक्रॉनकाकांचं खातं

क्लेम नामंजूर झाल्याचा मेसेज आला, तेव्हा वर्कशॉपच्या ऑफिसातल्या ताईंनी तो दोनदा वाचला. कारण एका ओळीत लिहिलं होतं: बँक खातेदाराचं नाव सभासदाच्या नावाशी जुळत नाही. आणि ही चूक दुसऱ्या कुणाची नव्हती हो, त्यांची स्वतःचीच होती!

तो क्लेम होता मायक्रॉनकाकांच्या प्रॉव्हिडंट फंडाचा. काका म्हणजे वर्कशॉपमधले सगळ्यात जुने टर्नर, गेल्याच महिन्यात रिटायर झालेले. लेथवर केसभर फरक पडला तरी तुकडा भंगारात फेकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे, म्हणून पोरांनी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचं हे नाव ठेवलेलं. खरं नाव फक्त मस्टरवर. असल्या माणसाच्या कागदात आपण एवढी ढोबळ चूक करावी, या विचारानं ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

झालं होतं असं. काकांचा पगार कैक वर्षांपासून त्यांच्या बायकोच्या, म्हणजे मावशींच्या, खात्यात जात होता. फंडाचं काम ऑनलाइन झालं, तेव्हा ताईंनी पगारपत्रकातले खाते नंबर जसेच्या तसे भरून टाकले. त्या वेळी कुणी नावं ताडून पाहिली नाहीत. आता क्लेम करतानाही त्यांनी मावशींच्याच पासबुकाचा फोटो जोडला. नवरा-बायकोचं काय वेगळं असतं, म्हणून. फंडवाल्यांच्या लेखी मात्र फार वेगळं असतं. पैसे ज्याचे, खातं त्याचं. बास.

"काका, घाबरू नका," ताई फोनवर म्हणाल्या. "पैसे कुठे जात नाहीत. तुमच्या नावाचं खातं द्या. ते फंडाच्या रेकॉर्डला लावू, बँकेनं पडताळणी केली की पुन्हा अर्ज. महिन्याच्या आत काम होईल."

पलीकडे काकांनी रेडिओ बंद केला.

"काका?"

"माझ्या नावाचं खातं नाही."

"मग उघडा की! आधार आणि पॅन घेऊन गेलं की अर्ध्या तासात उघडतं."

"नको," काका म्हणाले. "मग राहू देत पैसे तिथंच." आणि फोन ठेवून दिला.

ताईंच्या डोक्यात सणक गेली. राहू देत? मावशींचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले, जिना चढताना भिंत धरून रडकुंडीला येत होत्या. ऑपरेशनची तारीख घेतलेली. त्याचसाठी तर हे पैसे हवे होते! ताईंनी मनातल्या मनात सगळा दोष मावशींवर टाकून दिला. वर्कशॉपमध्ये बोललं जायचंच, की म्हातारा बायकोच्या मुठीत आहे. पगार तिच्या खात्यात, चहाला सुद्धा हातात दमडी नाही. सदऱ्याचा खिसा तर चक्क शिवून बंद केलेला! पोरं म्हणायची, "काका, खिसा कुणाच्या भीतीनं शिवलाय?" काका हसायचे आणि पेन्सिल कानामागे अडकवायचे. नवऱ्याच्या नावावर खातं होऊ देईल ती बाई? नावच नको.

संध्याकाळी ताई तणतणत त्यांच्या घरी गेल्या. दार मावशींनी उघडलं, एका हातानं चौकट धरून.

"मावशी, स्पष्टच बोलते. तुमचे पाय तुमच्याच हट्टापायी अडलेत. काकांच्या नावावर खातं होऊ द्या."

मावशी दारातून बाजूला झाल्या. मग हसल्या. "माझा कसला हट्ट, बाई? मी सकाळपासून हेच सांगतेय त्यांना. बसा तुम्ही. अहो, सांगा ना यांना."

काका खाटेवर बसले होते. ते एकदम बोलून गेले.

"मी प्यायचो, ताई. थोडी नाही. पगाराचा दिवस झाला की सरळ गुत्ता. एकदा पोरीच्या शाळेच्या फीचे पैसे घेऊन निघालो आणि शाळेत पोहोचलोच नाही. पोर दिवसभर वर्गाबाहेर उभी होती. त्यानंतर मीच तुमच्या आधीच्या कारकुनाकडे गेलो. म्हटलं, माझा पगार हिच्या खात्यात टाका, माझ्या हाताला लागू देऊ नका. खिसाही मीच शिवायला लावला. ही शिवत नव्हती. रडत होती."

"किती वर्षं झाली?"

"अठरा," मावशींनी उत्तर दिलं. "एक थेंब नाही."

ताईंनी जीभ चावली. अठरा वर्षं हा माणूस पोरांची थट्टा हसत झेलत होता! एकदाही म्हणाला नाही की बाबांनो, तिला नावं ठेवू नका, खोट माझ्यात होती. आणि मावशी? सगळ्यांच्या तोंडी कजाग ठरल्या, पण नवऱ्याची अब्रू उंबऱ्याबाहेर जाऊ दिली नाही. त्यांना ताडताड बोलायला आपण आलो होतो! कुठे तोंड लपवावं ते ताईंना कळेना.

"ऑपरेशनची तारीख जवळ आलीय, आणि त्यात मी पुन्हा घसरलो तर, म्हणून भीती वाटते," काका म्हणाले. "एवढे पैसे, आणि माझ्या एकट्याच्या सहीवर. लेथवर मी हाताची खात्री देतो. इथं नाही देत."

"बायकोबरोबरचं जॉइंट खातं चालतं फंडाला," ताई घाईघाईनं म्हणाल्या. "तुमचं नाव त्यात हवं, एवढंच. दोघांच्या सह्या असल्याशिवाय पैसे निघणार नाहीत, असंही ठेवता येतं."

काकांचा चेहरा उजळला. "हे जमेल!"

दुसऱ्या दिवशी तिघं बँकेत गेले. मावशींना रिक्षातून उतरवायलाच दोन माणसं लागली. खिडकीमागच्या बाईनं फॉर्म पुढे सरकवला. "खातं एकट्याचं की जॉइंट?"

"जॉइंट. दोघांच्या सह्या," काका म्हणाले.

"एकट्याचं," मावशी म्हणाल्या.

"अगं, काल ठरलंय ना आपलं?"

"तुमचं ठरलं, माझं नाही ठरलं. हे पैसे तुम्ही लेथसमोर उभं राहून कमावलेत. अठरा वर्षं तुमच्यावर पहारा मी नाही केला, तुम्हीच केलात. मी फक्त पासबुक सांभाळलं. आता माझे पाय चालत नाहीत. सहीला मी दर वेळी कुठे येऊ? करा सही."

मागे रांग खोळंबली होती. काकांनी पेन उचललं. केसभर फरक न खपवणाऱ्या माणसाची सही त्या दिवशी चौकटीबाहेर गेली. बाईनं नवा फॉर्म दिला. दुसऱ्या खेपेला सही चौकटीत बसली.

पासबुक हातात आलं तसं काका सवयीनं ते मावशींकडे द्यायला गेले. मावशींनी हात मागे घेतला. पर्समधली सेफ्टी पिन काढली, नवऱ्याला बाकावर शेजारी बसवलं आणि भर बँकेत त्याच्या खिशाची शिवण उसवायला घेतली. धागा जुना आणि दुहेरी घातलेला, सहजी निघेना. काका लहान मुलासारखे मान वर करून बसले. ताईंनी तोंड फिरवलं, कारण डोळे भरून आले होते.

ताईंनी खातं बदललं, पडताळणी झाली, अर्ज पुन्हा गेला. या वेळी त्यांनी नाव अक्षर न् अक्षर चार वेळा वाचलं. मायक्रॉनकाकांचंच काम ते! सोळाव्या दिवशी पैसे जमा झाले.

दुसऱ्या दिवशी काका वर्कशॉपमध्ये आले. खिशातून पासबुक काढून त्यांनी ताईंसमोर धरलं. खिशाच्या कडेला सुईची भोकं अजून दिसत होती.

"हॉस्पिटलात सगळे पैसे भरून आलो," ते म्हणाले आणि पावती दाखवली. पैन् पै बरोबर होती.

"मावशी बाहेर रिक्षात आहेत का?"

"नाही. ती घरी आहे," काका म्हणाले. "पगाराच्या दिवशी गुत्त्यावर जायचो ना, त्याच रस्त्यावर बँक आहे. मी म्हटलं, सोबत चल. तर म्हणाली, तुम्ही एकटेच जाऊन या."